सहा स्टेटचे दोन वेगळे एनएफए, दोन्ही सर्वांत लहान. मग खरा कोणता?

रानवाटा

नमस्कार मंडळी. कामातल्या एका छोट्या गोष्टीपाशी आठवडाभर अडलोय, म्हणून हा धागा.

आमच्या एका यंत्राकडून सहा प्रकारचे संकेत येतात. त्यांना इथे क, ख, ग, घ, च, छ म्हणू. संकेत जोडीने येतात आणि जोडीतले दोन्ही वेगळे असतील तरच जोडी पुढे सोडायची. कख चालेल, छग चालेल. कक, घघ चालणार नाही. अशा एकूण ३० जोड्या चालतात. हे सगळं चिपवर बसवायचं आहे. तिथे एनएफए, म्हणजे एका संकेतावर एकाच वेळी अनेक स्टेटमध्ये जाऊ शकणारी रचना, वापरतो आणि तिच्या प्रत्येक स्टेटमागे एक फ्लिप-फ्लॉप जातो, म्हणून स्टेट कमीत कमी हव्यात.

मी डीएफए, म्हणजे एका वेळी एकाच स्टेटमध्ये असणारा प्रकार, काढून लहान केला. सुरुवात, शेवट आणि मध्ये "पहिला संकेत कोणता होता" हे लक्षात ठेवणाऱ्या सहा, अशा ८ स्टेट झाल्या. नकाराची स्टेट मोजलेली नाही. मग सारख्या स्टेट एकत्र करणारा माझा प्रोग्रॅम चालवला, तरी ८ च. आमच्या टीममधल्या एका मुलीने मात्र वहीत ६ स्टेटचा एनएफए काढून दाखवला. दुसऱ्या दिवशी मी तिची वही न बघता बसलो आणि मलाही ६ चाच मिळाला, पण तो तिच्यासारखा नाही. स्टेटची नावं कशीही बदलली तरी दोन्ही जुळत नाहीत.

प्रश्न दोन आहेत. प्रोग्रॅम ८ वर का अडतो? आणि सर्वांत लहान एनएफए एकच का नाही?

नंदू_पेण

यात अवघड काय आहे? हॉपक्रॉफ्टची पद्धत १९७१ पासून आहे, n log n वेळात काम होतं. उत्तरही एकच येतं, हे कॉलेजात शिकलोय. तुमच्या प्रोग्रॅममध्ये चूक असणार.

रानवाटा

नंदूदादा, ते डीएफएसाठी. डीएफएपुरता माझा प्रोग्रॅम बरोबरच आहे, ८ हेच उत्तर. मी एनएफएबद्दल विचारतोय.

तळटीप

रानवाटा, तुमच्या सहकारी मुलीचा एनएफए साधारण असा असेल, बघा:

```
सुरुवात पासून:           शेवटाकडे:
क -> १, २              १ वरून: घ च छ
ख -> १, ३              २ वरून: ख ग छ
ग -> १, ४              ३ वरून: क ग च
घ -> २, ३              ४ वरून: क ख घ
च -> २, ४
छ -> ३, ४
```

मधल्या चारच स्टेट. प्रत्येक संकेताला चारांपैकी दोघांची जोडी दिली आहे. चारांतून दोन निवडायचे प्रकार सहा आणि संकेतही सहाच, त्यामुळे कोणाच्याच जोड्या सारख्या नाहीत. पहिला संकेत आला की त्याच्या जोडीतल्या दोन्ही स्टेट पेटतात. दुसरा संकेत एखाद्या स्टेटवरून शेवटाला नेतो तो कधी? ती स्टेट त्याच्या स्वतःच्या जोडीत नसेल तेव्हाच.

कक घ्या. क ने १ आणि २ पेटल्या. त्या दोन्ही क च्याच जोडीतल्या, म्हणून दुसरा क कुठूनच पुढे जात नाही. कख घ्या. १ वरून ख ला वाट नाही, कारण ख च्या जोडीत १ आहे. पण २ वरून आहे. दोन वेगळ्या संकेतांच्या जोड्या वेगळ्या असतात, म्हणून पहिल्याच्या जोडीत दुसऱ्याकडे नसलेली एक तरी स्टेट सापडतेच.

तीन मधल्या स्टेटमध्ये हे का जमत नाही तेही सांगतो. समजा एखाद्या एनएफएमध्ये क ने पेटणाऱ्या सगळ्या स्टेट ख नेही पेटतात. कख चालायला हवा, म्हणजे क ने पेटलेल्या कुठल्यातरी स्टेटवरून ख ची वाट हवी. पण ती स्टेट ख नेही पेटते, म्हणजे खख सुद्धा आत गेला. ते चालणार नाही. तेव्हा कुठल्याही संकेताचा स्टेट-संच दुसऱ्याच्या संचात पूर्ण मावता कामा नये. तीन वस्तूंचे एकमेकांत न मावणारे संच जास्तीत जास्त तीनच काढता येतात. सहा हवे असतील तर किमान चार वस्तू लागतात. श्पर्नरने १९२८ मध्ये सिद्ध केलेली गोष्ट आहे ही. सहा वस्तू घेतल्या तर असे वीस संच मिळतात. म्हणजे तुमचे संकेत उद्या २० झाले तर डीएफएला २२ स्टेट लागतील आणि एनएफएचं ८ मध्ये भागेल.

आता प्रोग्रॅम का अडला ते. तो स्टेट जोडतो, आणि इथे जोडण्यासारखं काही नाही. डीएफएमधल्या सहा मधल्या स्टेटपैकी प्रत्येकीचं भविष्य, म्हणजे तिथून पुढे काय आलं तर चालेल ते, वेगळं आहे: "क सोडून बाकी पाच", "ख सोडून बाकी पाच" असं. वरच्या चित्रातल्या १ चं भविष्य बघा: घ, च, छ. तीनच. असं भविष्य डीएफएमध्ये कुठेच नव्हतं. लहान एनएफएपर्यंत जायला जुन्या स्टेट जोडून भागत नाही, त्यांची भविष्यं फोडून नवे तुकडे पाडावे लागतात. कोणते तुकडे पाडायचे हे भाषा सांगत नाही, ते आपण निवडतो. डीएफएमध्ये ही मोकळीक नसते. तिथे प्रत्येक स्टेटचं भविष्य भाषेनेच ठरवलेलं असतं आणि म्हणून उत्तर एकच येतं. मायहिल आणि नेरोड यांच्या प्रमेयाचं मर्म हेच.

रानवाटा

सर, हेच चित्र! फक्त तिने ख आणि च ची अदलाबदल केली आहे. माझ्यात क ला ३, ४ आहेत आणि बाकी सगळं विस्कटलेलं.

वडाची_पारंबी

तळटीप यांचं उत्तर आवडलं, पण मला वाटतं प्रश्न थोडा ताणला जातोय. स्टेट सारख्या आल्या तर बाण मोजा. ज्याचे बाण कमी तो खरा सर्वांत लहान. अशाने एकच उरेल. आणि एकच उरत नाही म्हणूनच तर शोधणं अवघड आहे ना? उत्तरं अनेक, म्हणून प्रश्न कठीण. दोन्ही एकच गोष्ट झाली.

दुसरं_वर्ष

बाणांचं मी छोट्या उदाहरणावर करून पाहिलं. भाषा अशी: क एकदा किंवा कितीही वेळा, पण रिकामा शब्द नाही. एका स्टेटमध्ये होत नाही, कारण रिकामा शब्द नको म्हणून ती स्टेट स्वीकारणारी करता येत नाही, मग काहीच स्वीकारलं जात नाही. दोन स्टेट लागतात. प ही सुरुवात, फ हा शेवट. प वरून फ ला बाण हवाच. शिवाय प वर स्वतःकडे फिरणारा बाण, किंवा फ वर, किंवा दोन्हींवर. असे तीन लहान एनएफए झाले. त्यात पहिल्या दोघांचे बाण दोन-दोनच, म्हणजे बाण मोजूनही बरोबरी.

तळटीप

छान. फक्त तीन नाहीत, सहा आहेत. फ वरून परत प ला येणारा बाण राहिला. तो असला काय नि नसला काय, भाषा बदलत नाही. तीन गुणिले दोन, सहा. मात्र कमीत कमी बाणांचे दोन, हे तुझं बरोबर आहे.

पारंबी, तुमच्या पहिल्या मुद्द्याचं उत्तर रानवाटांच्या उदाहरणात आणखी ठळक आहे. सहा संकेतांना सहा जोड्या वाटायचे प्रकार ७२०. चार स्टेटची नावं बदलण्याचे प्रकार २४. भागून ३० वेगळे एनएफए राहतात. चार मधल्या स्टेटमध्ये दुसरी कुठली रचना बसतच नाही, त्यामुळे सर्वांत लहान एनएफए नेमके ३०. जोड्याही ३० आणि एनएफएही ३०, हा निव्वळ योगायोग. आणि त्या प्रत्येकाचे बाण २४: पहिल्या टप्प्यात १२, दुसऱ्यात १२. तिसही बरोबरीत. बाण मोजून एकही गळत नाही.

दुसरा मुद्दा मात्र नीट वेगळा करायला हवा. उत्तरं अनेक असली म्हणजे शोधणं अवघड, असं नसतं. गावांना जोडणारं सर्वांत स्वस्त तारांचं जाळं घ्या. सारख्या खर्चाची जाळी पुष्कळ असू शकतात, तरी त्यातलं एक भराभर सापडतं, कारण स्वस्त तार आधी उचलत गेलं की चुकत नाही. एनएफएत असं "आत्ता हे उचल, नंतर पस्तावणार नाहीस" म्हणता येईल असं पाऊल मिळत नाही. तुकडे निवडण्याची मोकळीक हे अनेक उत्तरांचं कारण आहे. कठीणपणाही तिथूनच येतो, पण तो वेगळा सिद्ध करावा लागतो.

शब्दखुणा

थोडं वेगळं विचारते. मी मराठी शब्दरूपांच्या यादीवर काम करते. डावीकडे सामान्यरूपं, वर प्रत्यय आणि चौकटीत खूण: हे रूप चालतं की नाही. झाडा- ला -ला, -ने, -त, -वर सगळे चालतात, काहींना थोडेच चालतात. शब्द दोन तुकड्यांचा, म्हणजे रानवाटांच्या जोडीसारखाच. तुमच्या त्या मधल्या स्टेट म्हणजे माझ्या तक्त्यात काय होतील?

तळटीप

ताई, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. मधली एक स्टेट म्हणजे तुमच्या तक्त्यातला एक आयत. काही सामान्यरूपं त्या स्टेटला येतात, काही प्रत्यय तिथून निघतात, आणि त्या सगळ्या चौकटींत खूण असायलाच हवी. रूपं शेजारशेजारच्या ओळींत असण्याची गरज नाही. आयत एकमेकांवर आले तरी चालतात, पण रिकाम्या चौकटीवर जाता कामा नये. सगळ्या खुणा कमीत कमी आयतांनी झाकणं म्हणजेच सर्वांत लहान एनएफए. डीएफए म्हणजे "सारख्या ओळी एकत्र करा आणि गप्प बसा". आयतांना तो खेळ मोकळा असतो.

हे आयतांनी झाकणं एनपी-पूर्ण आहे, म्हणजे झटपट सोडवायची पद्धत कोणालाच माहीत नाही अशा प्रश्नांपैकी, हे सत्तरच्या दशकापासून माहीत आहे. म्हणजे नुसते दोन अक्षरी शब्द, मर्यादित यादी, हातात तयार डीएफए, इतकं सोपं केलं तरी कठीणपणा जात नाही. निदान कोणी झाकण आणून दिलं तर ते बरोबर आहे का, हे तुम्ही चौकटी बघून लगेच तपासू शकता.

लांबीला मर्यादा नसलेल्या भाषांत तेवढंही राहत नाही.

नंदू_पेण

तपासणं का अवघड? दोन्ही एनएफएवर हजारभर लांबीपर्यंतचे शब्द चालवून बघायचे. फरक असला तर कुठेतरी दिसेलच की. आम्ही टेस्टिंगमध्ये असंच करतो.

तळटीप

नंदू, हा एनएफए करून बघा. एकच अक्षर, क. सुरुवातीची स्टेट स्वीकारणारी. तिथून सहा चक्रांत बाण, चक्रांची लांबी २, ३, ५, ७, ११, १३. प्रत्येक चक्रात चक्राच्या लांबीने भाग जाणारी एक जागा सोडून बाकी सगळ्या जागा स्वीकारणाऱ्या. स्टेट किती? ४१ अधिक १, म्हणजे ४२. हा एनएफए एखादा शब्द कधी नाकारेल? सहाही चक्रं नाकारतील तेव्हाच, म्हणजे लांबीला सहाही संख्यांनी भाग जाईल तेव्हा. अशी पहिली लांबी ३०,०३०. तोवर तो सगळं स्वीकारत जातो. तुमची हजारची टेस्ट "सगळं स्वीकारतो" म्हणेल. खरं तसं असतं तर एका स्टेटमध्ये काम झालं असतं. पुढची मूळ संख्या १७ घेतली तर स्टेट ५९ होतात आणि लांबी ५,१०,५१०.

इथेच खरा कठीणपणा आहे. एखादा एनएफए सगळंच स्वीकारतो का, हा प्रश्न पीस्पेस-पूर्ण आहे, म्हणजे मर्यादित मेमरीत सुटणाऱ्या प्रश्नांपैकी सर्वांत कठीण गटातला, हे मेयर आणि स्टॉकमायर यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं. आता बघा, "याला एक स्टेट पुरेल का?" एवढाच प्रश्न विचारला तरी आपण त्यातच सापडतो. एनएफए प्रत्येक एकेकटं अक्षर स्वीकारतो, हे आधी तपासून घ्या, ते सोपं आहे. मग एका स्टेटचा समान एनएफए असेल तर तो सगळंच स्वीकारणारा असणार, दुसरा पर्यायच नाही. म्हणजे लहान करणारा झटपट प्रोग्रॅम मिळाला तर पीस्पेसमधले सगळे प्रश्न झटपट सुटतील. सुरुवातीला एनएफएऐवजी डीएफए दिला तरी प्रश्न पीस्पेस-पूर्णच राहतो, हे जियांग आणि रविकुमार यांनी १९९३ मध्ये सिद्ध केलं. तो भाग इतका सोपा नाही, तो इथे मांडत नाही.

वडाची_पारंबी

उत्तरं अनेक म्हणून कठीण, हे चुकलं, मान्य. पण व्यवहारात अगदी सर्वांत लहान कोणाला हवाय? दहापट मोठा झाला तरी चालेल असं म्हटलं तर झटपट होईल ना?

तळटीप

मलाही एकेकाळी तसंच वाटायचं. पण समजा असा प्रोग्रॅम आहे, जो खऱ्या उत्तराच्या दहापटीच्या आत एनएफए देतो. त्याला मी एखादा एनएफए देतो. तो सगळं स्वीकारणारा असेल तर खरं उत्तर १, म्हणून प्रोग्रॅमने १० किंवा कमी स्टेटचं काहीतरी द्यायलाच हवं. त्याने ११ किंवा जास्त दिल्या तर मला लगेच कळलं की मूळ एनएफए काहीतरी नाकारतो. १० च्या आत दिल्या तर त्या छोट्याचा डीएफए करतो. तो फार तर १,०२४ स्टेटचा होईल, आणि त्यावर "सगळं स्वीकारतो का" हे क्षणात तपासता येतं. म्हणजे दहापटीच्या सवलतीतही मी तोच पीस्पेस-पूर्ण प्रश्न सोडवला. दहाच्या जागी शंभर घातलं तरी युक्ती तीच. पुढे ग्रामलिश आणि श्निट्गर यांनी ही मर्यादा आणखी खूप ताणून दाखवली आहे.

रानवाटा

मग आम्ही करावं काय? मला एकच ठरलेलं उत्तर हवं असण्याचं कारण आहे. दोन आवृत्त्यांची तुलना करताना चित्र बदललं की पुन्हा सगळं तपासावं लागतं.

पैलतीर

कंपायलरच्या कामात हे भोगलंय, म्हणून सांगते. एकच ठरलेलं हवं असेल तर एनएफएचाच एक मर्यादित प्रकार आहे. त्यात प्रत्येक स्टेटचं भविष्य हे भाषेतल्या कुठल्यातरी शब्दामागे उरणारं पूर्ण भविष्य असावं लागतं, मनाने पाडलेला तुकडा चालत नाही. जी भविष्यं दुसऱ्या लहान भविष्यांची बेरीज असतात ती गाळायची, आणि भाषा न बदलता बसतील तेवढे सगळे बाण ठेवायचे. असा एनएफए प्रत्येक भाषेला एकच असतो आणि डीएफएपेक्षा कधीच मोठा नसतो. काही भाषांत खूप लहान होतो. मी तोच वापरते आणि समाधानी आहे.

तळटीप

पैलतीर, सुचवलंय ते योग्य. पण रानवाटांच्या भाषेवर चालवून बघा. "क सोडून पाच", "ख सोडून पाच" ही सहा भविष्यं एकमेकांत मावत नाहीत, त्यामुळे एकही दुसऱ्यांची बेरीज नाही. एकही गळणार नाही. ८ च्या ८ राहतील. एकमेव उत्तर मिळेल, पण दोन फ्लिप-फ्लॉप जास्त जातील.

पैलतीर

खरंय, आत्ता कागदावर केलं. ८. तरी मी २ फ्लिप-फ्लॉप देऊन एकमेव उत्तर घेईन. दर आवृत्तीला तपासणी पुन्हा करण्याची किंमत त्याहून मोठी आहे.

रानवाटा

आमच्याकडे असे शेकडो फिल्टर एका चिपवर आहेत हो. प्रत्येकी दोन म्हणजे परवडत नाही. मी ३० पैकी एक ठरवून टाकतो: जोड्या क्रमाने लावायच्या, संकेतही क्रमाने लावायचे. तळटीप सरांच्या चित्रात तसंच आहे. इथे चालेल. पण दुसऱ्या फिल्टरचे सर्वांत लहान एनएफए कसे दिसतात हेच माहीत नसेल तर असा क्रम कसा लावायचा, ते अजून सुचलेलं नाही.

शब्दखुणा

मी काल रात्री आयत मांडून बघितले. माझा छोटा तक्ता, ४० सामान्यरूपं आणि १४ प्रत्यय. डीएफएला मधल्या १७ लागत होत्या. जो आयत सर्वांत जास्त नव्या खुणा झाकतो तो आधी, असं करत ११ वर आले. मग यापेक्षा कमी होणारच नाही हे दाखवायचा प्रयत्न केला. अशा खुणा निवडल्या की त्यातल्या कुठल्याही दोन एका आयतात बसूच शकत नाहीत. अशा ९ मिळाल्या, म्हणजे ९ आयत तरी लागणारच. हे बरोबर आहे ना?

तळटीप

बरोबर आहे ताई, ९ ची खालची हद्द पक्की. पण तेवढ्यावरून ९ आयतांत जमेल असं समजू नका. रानवाटांच्या तक्त्यावर हीच युक्ती लावा. कख, खग, गक या तीन खुणांपैकी कुठल्याही दोन एका आयतात घेतल्या तर तो आयत खख, गग किंवा कक या रिकाम्या चौकटीवर जातो. तीन मिळाल्या. चौथी अशी खूण सापडतच नाही, मी सगळ्या शक्यता तपासल्या आहेत. तरी खरं उत्तर ४ आहे. वीस संकेत घेतले तरी या युक्तीने ३ च मिळतात, खरं उत्तर ६. त्यामुळे तुमच्या तक्त्यात ९, १० की ११, हे यावरून ठरत नाही.

१० पुरतात का, हा प्रश्न सॅट सॉल्व्हरला देता येईल: प्रत्येक सामान्यरूप कुठल्या आयतात, प्रत्येक प्रत्यय कुठल्या आयतात, एवढेच होय-नाही. १० × ५४, म्हणजे ५४० मुख्य चल होतील. "होय" म्हणाला तर झाकणच हातात येईल. मात्र आयतांची नावं बदलून तेच झाकण पुन्हा पुन्हा तपासलं जातं, म्हणून "नाही" यायला फार वेळ लागू शकतो. आधी आयतांना एक क्रम लावून घ्या.

शब्दखुणा

क्रम न लावता दुपारी चालू करून ठेवला होता, अजून चालूच आहे. आता थांबवून क्रम लावून पुन्हा सुरू करते. तक्ता इथे चिकटवते आहे, कोणाला १० आयतांत झाकता आला तर कृपया सांगा.